वीज पडते पहिल्या डिस्कवर

एक १३२ केव्हीचा ट्रान्सफॉर्मर घेऊ. त्याच्या उच्चदाब वाइंडिंगमध्ये ८० डिस्क आहेत, आणि प्रत्येक डिस्कमध्ये कागदात गुंडाळलेल्या तांब्याच्या पट्टीचे १० वेढे. रोजच्या कामात एका फेजच्या सुमारे ७६ केव्ही दाबाची या ८० डिस्कमध्ये समान वाटणी होते, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला एक केव्हीसुद्धा येत नाही.

आता कारखान्यातल्या चाचणीघरात याच वाइंडिंगच्या लाइनच्या टोकाला कृत्रिम विजेचा झटका देतात. ६५० केव्हीचे शिखर तो १.२ मायक्रोसेकंदांत गाठतो आणि ५० मायक्रोसेकंदांत निम्म्यावर उतरतो. सरळ भागाकार केला तर एका डिस्कवर ८ केव्ही यायला हवेत. प्रत्यक्षात पहिल्या क्षणी पहिल्या डिस्कवर ७५ केव्हीच्या आसपास दाब येतो आणि पहिल्या आठ डिस्क मिळून ४०० केव्हीहून जास्त झेलतात. उरलेल्या ७२ जणी जवळपास बघ्याच्या भूमिकेत!

असे का होते? इतक्या कमी वेळात वेढ्यांमधून प्रवाह वाहायला सुरुवातच होत नाही, कारण वेढ्यांचे इंडक्टन्स त्याला अडवते. त्या क्षणी वाइंडिंग म्हणजे निव्वळ कपॅसिटरांचे जाळे असते. डिस्कपासून डिस्ककडे जाणारे कपॅसिटन्स ही पुढे जायची वाट, आणि प्रत्येक डिस्कपासून गाभ्याकडे व टाकीकडे असलेले कपॅसिटन्स ही गळती. ठिबकची नळी बारीक आणि तिची भोकं मोठी असली तर पाण्याचा जोर पहिल्या काही भोकांतच संपतो, तसेच हे. गळतीच्या एकूण कपॅसिटन्सला वाटेच्या एकूण कपॅसिटन्सने भागून वर्गमूळ काढले की येणाऱ्या आकड्याला अल्फा म्हणतात. वरचे आकडे अल्फा १० धरून काढले आहेत. अल्फा जितका मोठा, तितका लाइनच्या टोकाशी दाब एकवटतो.

गळती फारशी कमी करता येत नाही, कारण टाकी आणि गाभा हलवता येत नाहीत. म्हणून वाट रुंद करायची. १९५०च्या सुमारास ब्रिटनमध्ये इंग्लिश इलेक्ट्रिकच्या इंजिनिअरांनी पुढे आणलेली युक्ती मला या विषयातली सर्वांत देखणी वाटते. तांबे तेवढेच, वेढे तेवढेच, बदलला तो फक्त त्यांच्या शेजारांचा क्रम.

साध्या डिस्क-जोडीत पहिल्या डिस्कमध्ये वेढे १ ते १०, दुसरीत ११ ते २०. इंटरलीव्ह्ड जोडीत एकाच डिस्कमध्ये १, ११, २, १२, ३, १३ असे वेढे आलटून-पालटून बसतात. शेजारच्या दोन वेढ्यांमध्ये आधी एका वेढ्याचा दाब होता, सुमारे ९५ व्होल्ट. आता तो नऊ-दहा वेढ्यांचा झाला, म्हणजे साडेनऊशे व्होल्टपर्यंत. कपॅसिटरमधली ऊर्जा दाबाच्या वर्गाने वाढते. त्यामुळे तेच शेजारी वेढे आता जवळपास शंभरपट ऊर्जा साठवतात आणि वाटेचे कपॅसिटन्स खूप वाढते. समजा अल्फा २.५ वर आला, तर पहिल्या डिस्कवरचा दाब २० केव्हीपर्यंत उतरतो आणि पहिल्या आठ डिस्कवर मिळून १५० केव्हीच्या आत राहतो. सुरुवातीची वाटणी शेवटच्या समान वाटणीच्या जवळ असल्याने मधल्या भागात नंतर उठणारे हेलकावेही सौम्य होतात.

किंमत मात्र मोजावी लागते. वेढ्यांमधला कागद जाड करावा लागतो, जागा वाढते. शिवाय जोडीगणिक ब्रेझिंगचे सांधे येतात, आणि एखाद्या सांध्यावर राहिलेले टोक कागद फाडू शकते. म्हणून अनेकदा लाइनकडच्या काही डिस्कच इंटरलीव्ह करतात आणि पुढे साध्या ठेवतात. मग साध्या डिस्क जिथे सुरू होतात तिथे कपॅसिटन्स एकदम घटते, आणि तिथल्या पहिल्या साध्या डिस्कवर दाब चढतो. डिझायनर ती डिस्क वेगळी तपासतो.

हेलिकल वाइंडिंगला ही चिंता कमी. मळसूत्रासारखे वर चढणारे तिचे वेढे थोडे आणि जाड असतात, आणि ती सहसा कमी दाबाच्या, जास्त प्रवाहाच्या बाजूला असते. शेतातल्या डीपीत दिसणाऱ्या लेयर वाइंडिंगमध्ये थर एकमेकांवर सिलिंडरसारखे चढतात. समोरासमोरचे पृष्ठभाग मोठे असल्याने वाट आपोआप रुंद असते, वाटणी चांगली होते. पण दोन थर एका टोकाला जोडलेले असल्याने दुसऱ्या टोकाशी त्यांच्यात दोन थरांचा दाब उभा राहतो, आणि कागद तिथेच फुटतो.

चाचणीत बिघाड कळतो तो तुलनेने. आधी कमी दाबाचा झटका देऊन न्यूट्रलमधून वाहणाऱ्या प्रवाहाचा आलेख नोंदवतात, मग पूर्ण दाबाचा, आणि दोन्ही एका मापात आणून एकमेकांवर ठेवतात. रेषा जुळल्या तर ट्रान्सफॉर्मर पुढे जातो. मधेच एक बारीकसा कंप वेगळा दिसला, तर टाकी उघडतात आणि आधी वरच्या, लाइनकडच्या डिस्कमध्ये काळा डाग शोधतात.