कोकणातल्या छपरावर तांबं, जस्त की ॲल्युमिनियम?

कौलं उतरवून पत्रा घालायचं ठरलं की कोकणात पहिला प्रश्न हमखास विचारला जातो, ‘किती वर्षं टिकेल?’ त्यावर मिळणारं उत्तर बहुतेक वेळा परदेशातून आलेलं असतं: ॲल्युमिनियम चाळीस वर्षं, जस्त साठ, तांबं शंभर. हे आकडे खोटे नाहीत, पण ते तिकडच्या हवेचे आहेत. पॅरिसची राखाडी छपरं खरोखरच जस्ताची आहेत. एकोणिसाव्या शतकात ओस्मानने शहराची नवी आखणी केली तेव्हा ती सरसकट आली, आणि ती घालणाऱ्या कारागिरांच्या कौशल्याला 2024 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळालं. रोममधल्या सान जोआक्किनो चर्चच्या घुमटावर 1897 च्या सुमारास ॲल्युमिनियमचा पत्रा चढला, म्हणजे त्यालाही सव्वाशे वर्षं झाली. पण पॅरिसमध्ये वर्षभरात जेवढा पाऊस पडतो तेवढा रत्नागिरीला कधीकधी दोन-तीन आठवड्यांत पडतो. त्यात समुद्रावरचा खारा वारा आणि पावसाळ्यानंतर आठ महिन्यांचं ऊन. म्हणून हे तीन धातू इथे, समुद्राजवळच्या एका मध्यम घरावर ठेवून पाहायला हवेत.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. आपल्याकडे दुकानात जस्ताचा म्हणून जो पत्रा मिळतो तो लोखंडाचा असतो आणि त्यावर जस्ताचा पातळ थर असतो. भारतीय मानक आय.एस. 277 मध्ये या थराच्या प्रती ठरवून दिल्या आहेत. त्यांतली चांगली मानली जाणारी प्रत म्हणजे दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला 275 ग्रॅम. हिशेब केला तर प्रत्येक बाजूला जेमतेम 19 मायक्रॉन जस्त येतं. समुद्राच्या झोतात जस्त वर्षाला चार ते आठ मायक्रॉन झिजतं, म्हणजे हा थर तीन-पाच वर्षांत संपतो आणि खालचं लोखंड उघडं पडतं. स्वस्तातला 120 ग्रॅमचा पत्रा घेतला तर दोन पावसाळेही काढणं कठीण. शेजारच्या गावात, टेकडीच्या आड, तोच पत्रा पंधरा वर्षं टिकलेला दिसतो आणि लोक कंपनीला नावं ठेवतात, पण खरा फरक असतो तो किनाऱ्यापासूनच्या अंतराचा.

पॅरिसच्या छपरावरचा पत्रा मात्र आरपार जस्ताचा असतो, साधारण 0.7 मिलिमीटर जाड. आज त्यात किंचित तांबं आणि टायटॅनियम मिसळतात, त्यामुळे तो जुन्या शुद्ध जस्तासारखा ठिसूळ राहत नाही आणि स्वतःच्या वजनाने ओघळतही नाही. सातशे मायक्रॉन म्हणजे आपल्या गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावरच्या थराच्या छत्तीस-सदतीसपट. वरून होणारी झीज पाहिली तर हा पत्रा किनाऱ्यावरही पिढ्यान्‌पिढ्या पुरावा. पण जस्ताचं छप्पर वरून क्वचितच संपतं, ते खालून संपतं. जस्त टिकतं ते त्यावर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडच्या मदतीने चिवट राखाडी साय धरते म्हणून. पत्र्याच्या खालच्या बाजूला दमट हवा कोंडली, रात्री पाणी धरलं आणि तिथे ताजी हवा पोचली नाही, की ही साय धरतच नाही. तिच्या जागी भुसभुशीत पांढरी पूड येते आणि पत्रा आतून खात सुटते. पॅरिसचे कारागीर पत्र्याखालच्या फळ्यांमध्ये मुद्दाम फटी ठेवतात त्या एवढ्यासाठी. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवाच इतकी ओली असते की फटी ठेवूनही खालची बाजू सुकत नाही, शिवाय खाऱ्या वाऱ्याने वरची सायही धड राहत नाही. किनाऱ्यापासून दोन-चार किलोमीटरच्या आत अस्सल जस्ताचं छप्पर घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तो देखणा धातू कोरड्या, थंड हवेचा आहे.

उरले तांबं आणि ॲल्युमिनियम, आणि इथे खर्चाचा हिशेब मांडावाच लागतो. छप्पर 100 चौरस मीटरचं धरू, म्हणजे पावणेअकरा ब्रास. जोड आणि चढी यांसाठी पंधरा टक्के जास्त माल लागेल. तांब्याचा पत्रा 0.6 मिलिमीटरचा घेतला तर सव्वासहाशे किलो लागतो, 0.7 मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा सव्वादोनशे किलोंत भागतो, कारण ॲल्युमिनियम तांब्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही हलकं. तांब्याचा किलोचा भाव गेल्या काही वर्षांत ॲल्युमिनियमच्या साधारण चौपट राहिला आहे. दोन्ही एकत्र धरले की नुसत्या धातूचीच किंमत अकरापटीवर जाते. आणि खर्च तिथे थांबत नाही. तांबं मऊ, म्हणून ते वासे-रिपांवर अधांतरी टाकता येत नाही. खाली अखंड फळ्यांचं पाटण लागतं, पत्र्याच्या कडा एकमेकींत दुमडून उभी शिवण घालावी लागते आणि ती तांब्याच्याच पट्ट्यांनी फळीला अडकवावी लागते. हे काम जाणणारे हात आपल्याकडे मोजके. ॲल्युमिनियमचा पन्हळी पत्रा मात्र मीटरभर अंतरावरच्या रिपांवर सरळ बसतो आणि गावातला मिस्त्री तो दोन दिवसांत घालून देतो.

आपल्याइतकाच पाऊस झेलणाऱ्या केरळातल्या अनेक देवळांच्या उतरत्या छपरांवर तांब्याचा पत्रा आहे आणि तो लाकडी पाटणावर टिकून आहे. म्हणजे या हवेत तांबं चालतं. देऊळ ही पिढ्यांच्या हिशेबाने बांधायची वास्तू, तिथे हा खर्च पटतो. कर्ज काढून बांधलेल्या घरावर पटत नाही.

मात्र कोणताही धातू घेतला तरी छप्पर संपतं ते बहुधा पत्र्याच्या मधल्या भागात नव्हे, तर दोन धातू एकमेकांना भेटतात तिथे. याचं सर्वांत मोठं उदाहरण न्यू यॉर्कच्या बंदरात उभं आहे. स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा 1886 साली उभा राहिला. त्याचं तांब्याचं कवच सुमारे 2.4 मिलिमीटर जाड आहे आणि शंभर वर्षं खारा वारा खाऊनही त्याची झीज नगण्य निघाली. पण आतला सांगाडा लोखंडी होता. तांबं आणि लोखंड यांच्यामध्ये घातलेला थर कालांतराने निकामी झाला, ओलाव्यात दोन धातूंची जणू विजेची घटमाळच तयार झाली आणि लोखंड गंजून फुगलं. फुगलेल्या पट्ट्यांनी तांब्यातले रिव्हेट उपटून काढले. 1986 पर्यंत चाललेल्या दुरुस्तीत त्या लोखंडी पट्ट्या काढून स्टेनलेस स्टीलच्या बसवाव्या लागल्या.

आपल्या घरांवर हेच लहान प्रमाणात घडतं. ॲल्युमिनियमच्या पत्र्याला लोखंडी जे-हुक आणि साधे वायसर लावले की हुकाचा जस्ताचा थर आधी जातो, मग गंजलेल्या लोखंडाच्या लगतचं ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि भोक दरवर्षी मोठं होतं. वर तांब्याचं छप्पर आणि खाली ॲल्युमिनियमची पन्हळ ही जोडी त्याहून वाईट. तांब्यावरून उतरणाऱ्या पाण्यात तांब्याचा अंश विरघळलेला असतो, तो ॲल्युमिनियमवर बसतो आणि काही वर्षांत पन्हळीला भोकं पडतात. उलट क्रम, म्हणजे वर ॲल्युमिनियम आणि खाली तांबं, पाण्याच्या दृष्टीने चालतो, फक्त दोन्ही एकमेकांना टेकता कामा नयेत. तिसरी चूक गवंड्याकडून होते. भिंतीला पत्रा जिथे भिडतो तिथे तो ओलं सिमेंट थापतो. सिमेंट अल्कधर्मी, ते ॲल्युमिनियमला आणि जस्तालाही खातं. तिथे पत्र्याचीच वाकवलेली पट्टी आणि सिलिकॉन वापरावं. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, शक्यतो 316 प्रतीचे घ्यावेत, आणि त्यांना ईपीडीएम रबराचं वायसर असावं. पूर्ण छपराच्या खर्चात हे स्क्रू फारसे जाणवत नाहीत, पण छपराचं आयुष्य तेच ठरवतात.

वाऱ्याच्या बाबतीतही स्क्रूच निर्णायक. जून 2020 मध्ये निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगर भागातून गेलं आणि त्यानंतर ‘हलका पत्रा उडतो, जड घ्या’ असा सल्ला सगळीकडे ऐकू येऊ लागला. ताशी 120 किलोमीटरचा वारा छपराच्या चौरस मीटरला सत्तरएक किलोंच्या जोराने वर खेचतो, कडेला आणि आढ्यापाशी त्याहून जास्त. ॲल्युमिनियमचा पत्रा तेवढ्या जागेत दोन किलो भरतो, तांब्याचा साडेपाच. सत्तर किलोंच्या ओढीपुढे या साडेतीन किलोंना काही अर्थ नाही. वळचणीच्या आणि आढ्याच्या रांगेत स्क्रू दुप्पट घालावेत आणि रिपा वाशांना, वासे भिंतीला पट्टीने बांधलेले असावेत.

आवाजाची तक्रार सर्वांत जास्त ॲल्युमिनियमबद्दल येते आणि ती खरी आहे. हलका, ताणलेला पत्रा थेंबागणिक थरथरतो. जड पत्रा कमी थरथरतो. पण पॅरिसच्या पोटमाळ्यावर किंवा केरळच्या देवळात जो शांतपणा मिळतो तो मुख्यत्वे पत्र्याखालच्या फळ्यांचा. ॲल्युमिनियमखाली जुन्या घरांसारखी लाकडी तक्तपोशी केली, मध्ये हवेची पोकळी ठेवली आणि तक्तपोशीवर खनिज लोकरीचा थर पसरला, तर आषाढातल्या सरीतही खाली बोलणं ऐकू येतं. उष्माही बराच थांबतो. नुसता पत्रा जाड घेतल्याने इतका फरक पडत नाही. नारळाची झावळी पडल्यावर किंवा वांदरांनी उडी मारल्यावर होणारा धडाका मात्र कशानेच पूर्ण जात नाही.

दुसरा आवाज उन्हाचा. सहा मीटर लांबीचा पत्रा पहाटे 25 अंशांवर आणि दुपारी 70 अंशांवर गेला तर ॲल्युमिनियम साडेसहा मिलिमीटर वाढतं, जस्त सहाच्या आसपास, तांबं साडेचार. पत्रा दोन्ही टोकांना आवळून टाकला असेल तर तो अडून अडून सरकतो आणि ढग आला की टकटक वाजतो. हाच ताण भोकं लांबट करतो आणि पाणी आत येऊ लागतं. एका टोकाला घट्ट, बाकी ठिकाणी लांबट भोक आणि रुंद वायसर, असं बसवलं तर पत्र्याला हलायला वाव मिळतो.

दिसण्यात तांब्याची बरोबरी होत नाही. नवं तांबं काही महिन्यांत तपकिरी होतं, मग काळसर. हिरवी झाक किनाऱ्यावर लवकर येते, कारण मीठ ती घडवायला मदत करतं, देशावरच्या कोरड्या हवेत तिला दशकं लागतात. पण पागोळ्यांच्या पाण्यातून तेच हिरवट डाग चिऱ्याच्या भिंतीवर उतरतात आणि निघत नाहीत, म्हणून तांब्याच्या छपराला पन्हळ लावायलाच हवी, तीही तांब्याची. ॲल्युमिनियम आधी डोळे दिपवतं आणि दोनएक वर्षांत मंद करडं होतं. रंगीत थराचा पत्रा घ्यायचा तर फिकट रंग बरा, गडद रंग जास्त तापतो आणि लवकर विटतो.

छप्पर कुठवर आलं आहे ते पाहायचं तर वरच्या बाजूवर जाऊ नये. तिथलं मीठ पाऊस दरवर्षी धुऊन नेतो. वळचणीखाली, पाऊस पोचत नाही अशा जागी, मीठ साचून राहतं. तिथे बोट फिरवावं. ॲल्युमिनियमवर पांढरे खरखरीत फोड लागले तर गोड्या पाण्याने ती बाजू वर्षातून दोनदा धुवावी, पुढची झीज बरीच रोखली जाते. मग भर दुपारी माळ्यावर जाऊन खिडक्या लावून घ्याव्यात आणि स्क्रूंच्या रांगांकडे पाहावं. स्क्रूभोवती प्रकाशाची कोर दिसली तर त्या जागचा स्क्रू आणि वायसर पावसाआधी बदलायचा. कोर नसून पत्र्यावर टाचणीएवढे ठिपके विखुरलेले दिसले, तर तो पत्रा बदलायची वेळ झाली.