हा वाडा कोणी ओळखेल का?

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं आणि पुण्यात मुठेकाठच्या पेठांमधले कितीतरी जुने वाडे पडले. अशा एखाद्या वाड्याचा फोटो कधीतरी घरातल्या ट्रंकेत सापडतो. मागे काही लिहिलेलं नसतं आणि सांगू शकणारी माणसं गेलेली असतात. मग कुणीतरी स्थानिक वर्तमानपत्राच्या संपादकांना पत्र लिहितं.

अशी पत्रं बहुधा एकाच जागी फसतात. लिहिणारा स्वतःचा अंदाज आधीच सांगून टाकतो. ‘हा शनिवार पेठेतला वाडा असावा का?’ असं विचारलं, की ‘हो, शनिवारातलाच’ अशी उत्तरं येतात. त्यातली आठवण कुठली आणि प्रश्नाचा प्रतिध्वनी कुठला, हे मग कळत नाही.

पत्राआधी फोटो सुलटा छापलाय ना, ते पाहावं. काचेची किंवा फिल्मची निगेटिव्ह उलटी ठेवली, की डावं-उजवं बदलतं आणि कोपऱ्यावरचं देऊळ भलत्याच बाजूला जातं. पाटी असेल तर अक्षरं लगेच सांगतात. नसेल तर एखाद्याच्या शर्टाकडे बघावं: पुरुषांच्या शर्टाची डावी पट्टी उजवीवर येते. उलटी दिसली तर फोटोच उलटा.

पत्र थोडक्यातच बरं. उदाहरणार्थ:

‘मा. संपादक, स. न. वि. वि. सोबतच्या फोटोतली इमारत पुण्यातली असल्याचं घरात सांगत. दुमजली, खाली दगडी जोतं, वर लाकडी सज्जा. उजवीकडे बोळ आहे. फोटो १९६१ च्या पुराआधीचा असावा. कुणी ओळखल्यास, कशावरून ओळखली तेही कृपया कळवावं.’

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. शिवाय एक खूण मुद्दाम लपवावी. बोळात आत विहीर दिसत असेल, तर छापायच्या प्रतीत तो भाग कापावा आणि पत्रातही तिचा उल्लेख टाळावा. ‘त्या बोळातल्या विहिरीवर आम्ही पाणी भरायचो’ असं कुणी आपणहून लिहिलं, तर त्या पत्राचं वजन दहा होकारांपेक्षा जास्त. मूळ फोटो मात्र कधीच पाठवू नये. चांगली स्कॅन केलेली प्रत द्यावी. वर्तमानपत्री कागदावर बारीक नक्षी चिकटून काळी होते, म्हणून सज्जाचा तुकडा वेगळा, मोठा करून दिलेला बरा.

उत्तर पटलं तरी काम उरतंच. सांगितलेल्या जागेवर जाऊन बोळ कुठल्या बाजूला आहे ते पाहावं. शेजारची जुनी इमारत शाबूत असेल, तर तिच्या खिडक्या फोटोशी ताडून बघाव्यात. जागेचा सिटी सर्व्हे नंबर मिळाला, तर नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका काढता येते. तिच्यात धारकांची नावं आणि फेरफार असतात, वाडा कसा दिसत होता ते नसतं. पत्रात सांगितलेलं घरमालकाचं आडनाव तिथे सापडलं, तर जागा जवळजवळ पक्की. नाही सापडलं, तर सांगणारा भाडेकरूंचं नाव मालक म्हणून देत होता का, हे त्यालाच पुन्हा विचारावं. वाड्यांमध्ये हा घोळ नेहमीचा.