सही दहा केबीची का भरत नाही?

बँक भरतीचा अर्ज भरणारा उमेदवार नाव, पत्ता, शैक्षणिक माहिती सहज भरतो आणि फोटो जोडायच्या पानावर अडकतो. मोबाइलवर काढलेला फोटो तीन-चार एमबीचा असतो आणि अर्ज मागतो जास्तीत जास्त ५० केबी. मग कुठल्या तरी संकेतस्थळावर फोटो लहान केला जातो. तो पुन्हा जोडला की आता फाइल फारच लहान आहे, असा उलटा निरोप येतो. ही दुसरी अडचण पहिलीपेक्षा जास्त वेळ खाते, कारण फोटो ‘मोठा’ असण्याची तयारी प्रत्येकाने केलेली असते. तो ‘छोटा’ ठरेल, हे कोणाच्या ध्यानीमनीही नसतं.

आयबीपीएसच्या अर्जातले आकडे स्पष्ट आहेत. फोटो २०० बाय २३० पिक्सेल, २० ते ५० केबी. सही १४० बाय ६० पिक्सेल, १० ते २० केबी. बँकांच्या परीक्षांपुरतेच हे आकडे उपयोगी नाहीत. महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषदांची २०२३ची भरतीही आयबीपीएसमार्फतच झाली होती. या दोन ओळींत प्रत्येकी दोन वेगळी मापं आहेत आणि बहुतेक गोंधळ ती एकच समजण्यातून होतो.

पिक्सेल म्हणजे चित्रात रंगाचे ठिपके किती, हे माप. केबी म्हणजे त्या ठिपक्यांची माहिती साठवायला लागलेली जागा. ठिपके तेवढेच ठेवूनही जागा कमी-जास्त करता येते, कारण जेपीजी फाइल प्रत्येक ठिपका जसाच्या तसा लिहून ठेवत नाही. ती चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनात किती बारकावा आहे, ते पाहून माहिती आवळते. एकरंगी भिंतीचा चौकोन नाममात्र जागेत बसतो. केस, नक्षीदार पडदा, चौकटीचा शर्ट यांना भरपूर जागा लागते. किती बारकावा टाकून द्यायचा, हे ‘क्वालिटी’ नावाच्या आकड्याने ठरतं. त्यामुळे योग्य क्रम असा: आधी कापणं, मग पिक्सेल कमी करणं आणि सगळ्यात शेवटी क्वालिटी बदलून केबी जुळवणं. हा क्रम उलटा केला, म्हणजे चार हजार पिक्सेल रुंद फोटो तसाच ठेवून फक्त क्वालिटी घटवत ५० केबीत कोंबला, तर चेहऱ्यावर चौकोनी ठिगळं दिसू लागतात.

कापताना एक सापळा आहे आणि तो अर्जाच्या सूचनांमध्येच दडलेला आहे. पासपोर्ट फोटो साडेतीन सेंटिमीटर रुंद आणि साडेचार सेंटिमीटर उंच असतो. २०० बाय २३०चं प्रमाण मात्र वेगळं, बरंच चौकोनाकडे झुकणारं आहे. स्टुडिओतून आणलेला पासपोर्ट फोटो स्कॅन करून थेट २०० बाय २३०मध्ये ओढून बसवला की चेहरा साधारण बारा टक्के रुंद होतो. गाल फुगल्यासारखे दिसतात आणि प्रवेशपत्रावर तोच चेहरा छापला जातो. परीक्षा केंद्रावर ओळख पटवताना याच फोटोकडे पाहिलं जातं, म्हणून ही चूक वरवरची नाही. साडेतीन सेंटिमीटर रुंदीला या प्रमाणात उंची साधारण चार सेंटिमीटरच लागते. म्हणजे डोक्यावरची मोकळी जागा आणि छातीखालचा भाग मिळून अर्धा सेंटिमीटर आधी कापून टाकायचा, मग आकार बदलायचा. पेंटसारख्या प्रोग्राममध्ये रुंदी-उंचीचं प्रमाण कायम ठेवणारी खूण असते; ती काढून आकडे बळेच भरणं म्हणजे चेहरा ताणणं.

आता खालच्या मर्यादेकडे. २०० बाय २३० म्हणजे ४६ हजार ठिपके. नेहमीच्या क्वालिटीला, म्हणजे ७५-८०च्या आसपास, साध्या पार्श्वभूमीवरचा असा फोटो दहा-बारा केबीतच बसतो. अर्जाला हवे किमान वीस. इथे उमेदवाराचं काही चुकलेलं नसतं; फोटो नीट कापलेला, नीट आकाराचा असतो, तरी नाकारला जातो. उपाय दोन आहेत. पहिला, क्वालिटी ९५ किंवा त्याही वर न्यायची. ठिपके तेवढेच राहतात आणि फाइल विशीच्या पुढे सरकते. दुसरा, त्याच प्रमाणात पिक्सेल वाढवायचे. ३०० बाय ३४५ हे नेमकं दीडपट आहे, म्हणून चेहरा ताणला जात नाही आणि क्वालिटी ८५च्या आसपास ठेवूनही फाइल बहुधा मर्यादेत येते. फोटोच्या पिक्सेलचा आकडा आयबीपीएसच्या सूचनेत ‘पसंतीचा’ म्हणून दिलेला असतो, केबीची हद्द मात्र सक्तीची असते. पण हा दीडपट फोटो कापलेल्या मोठ्या मूळ फोटोतूनच करायला हवा. आधीच २०० बाय २३० केलेला फोटो पुन्हा फुगवला, तर केबी भरतात आणि चेहरा धूसर होतो.

सहीची गोष्ट याहून अवघड आहे. १४० बाय ६० म्हणजे अवघे ८,४०० ठिपके. ते काहीही न आवळता, ठिपक्यामागे तीन बाइट धरून लिहिले, तरी एकूण पंचवीस केबीच होतात. जेपीजीने त्यातला पांढरा कागद आवळला की चांगल्या क्वालिटीलाही फाइल तीन-चार केबीवर येते, कारण कागदाचा बहुतेक भाग रिकामा असतो. म्हणजे सांगितलेल्या पिक्सेलमध्ये सांगितलेले दहा केबी भरणं जवळपास अशक्य होऊन बसतं. ‘सही अपलोड होत नाही’ अशी तक्रार नेट कॅफेत किंवा ई-सेवा केंद्रात ऐकू येते, तेव्हा तिच्यामागे बहुतेकदा हेच गणित असतं.

यातून वाट काढायची तर १४० बाय ६०चं सात-तीन प्रमाण राखून आकार तिप्पट करावा: ४२० बाय १८०. ठिपके नऊपट होतात आणि क्वालिटी ९०च्या आसपास ठेवली की फाइल साधारण दहा-बारा केबीवर येते. थोडी कमी पडली तर क्वालिटी अजून दोन-चार अंकांनी वाढवावी. कर्मचारी निवड आयोगाच्या अर्जातही सहीला १० ते २० केबीच लागतात, तिथे प्रमाण मात्र सहा सेंटिमीटर बाय दोन सेंटिमीटर, म्हणजे तीनास एक असं आहे. म्हणून एका अर्जासाठी कापलेली सही दुसऱ्या अर्जात ताणून बसवू नये. मूळ मोठा फोटो जपून ठेवावा आणि दर वेळी त्यातूनच कापावं.

इथे एक विचित्र प्रकार घडतो. पंख्याखाली, ट्यूबलाइटच्या सावलीत काढलेला सहीचा फोटो दहा केबी सहज भरतो. कागद करडा दिसतो, त्यावर कॅमेऱ्याचे बारीक दाणे असतात आणि जेपीजी त्या दाण्यांनाही बारकावा समजून जागा देतं. फाइल मर्यादेत बसते म्हणून उमेदवार खूश होतो, पण सही पुसट दिसते. फोटोतला चेहरा किंवा सही अस्पष्ट असेल, तर अर्ज नाकारला जाऊ शकतो, असं सूचनेत लिहिलेलं असतं. खिडकीशी दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर काळ्या शाईच्या पेनने केलेली सही सरळ वरून टिपावी. मोबाइलची सावली कागदावर पडू देऊ नये. सही मोठ्या इंग्रजी अक्षरांत केलेली चालत नाही, हेही तिथेच सांगितलेलं असतं.

क्वालिटीचा आकडा हाताने बदलता येईल, असं साधन वापरणं हे अर्धं काम आहे. विंडोजच्या पेंटमध्ये पिक्सेल बदलता येतात, क्वालिटी नाही. संगणकावर गिंप हा मोफत प्रोग्राम आहे. त्यात जेपीजी साठवताना प्रीव्ह्यूची खूण केली की क्वालिटी सरकवताना फाइल किती केबीची होईल, ते समोर दिसतं. squoosh.app हे मोबाइलच्या ब्राउझरमध्येही चालतं. फोटो कोणाच्या सर्व्हरवर न पाठवता ते आपल्याच यंत्रावर आवळतं आणि केबी लगेच दाखवतं. हा फरक महत्त्वाचा आहे. चेहरा, सही, अंगठ्याचा ठसा आणि आधार कार्ड, असा एका माणसाचा पूर्ण संच अनोळखी संकेतस्थळावर चढवणं धोक्याचं आहे आणि अर्जाच्या शेवटच्या दिवशी हजारो जण नेमकं तेच करतात.

फाइलची लांबी पाहतानाही एक जागा फसवते. विंडोजमध्ये फाइलच्या माहितीत Size आणि Size on disk असे दोन आकडे असतात. दुसरा डिस्कच्या कप्प्यांनुसार वर ओढलेला असतो. ४९ केबीची फाइल तिथे ५२ दिसते आणि माणूस उगाच पुन्हा आवळत बसतो. अर्जासाठी पहिला आकडा पाहावा. आयफोनवर काढलेला फोटो .heic प्रकारचा असेल, तर नावाच्या शेवटी .jpg लिहिल्याने तो जेपीजी होत नाही. तो खरोखर बदलून साठवावा लागतो.

पीडीएफची तऱ्हा वेगळी, कारण तिच्यात दोन जाती आहेत. मोबाइलने टिपलेल्या गुणपत्रिकेची पीडीएफ म्हणजे आत एक मोठं चित्र. ए-फोर कागद इंचाला ३०० ठिपक्यांनी रंगीत स्कॅन केला की ८७ लाख ठिपके होतात. स्टेट बँकेच्या काही पदांच्या अर्जांत एका कागदपत्राला ५०० केबीच मिळतात. इंचाला १५० ठिपके केले की एकूण ठिपके चौथाईवर येतात आणि गुणपत्रिकेतलं नेहमीचं दहा पॉइंटचं अक्षर तरीही वीस ठिपके उंच राहतं, म्हणजे नीट वाचता येतं. ७२वर उतरलं की तेच अक्षर दहा ठिपक्यांचं होतं आणि आसनक्रमांक, शिक्क्यातली गोल अक्षरं गिचमिड होतात. संगणकावर गोस्टस्क्रिप्ट असेल, तर १५०चं काम एका ओळीत होतं:

```
gs -sDEVICE=pdfwrite -dPDFSETTINGS=/ebook -dNOPAUSE -dBATCH -sOutputFile=lahan.pdf mool.pdf
```

`/ebook`च्या जागी `/screen` लिहिलं की ७२ होतं. गुणपत्रिकेसाठी ते टाळलेलं बरं.

दुसऱ्या जातीची पीडीएफ डिजिलॉकरमधून किंवा आपले सरकारवरून उतरवलेली असते. तिच्यात अक्षरं अक्षरांच्याच रूपात असतात, म्हणून ती बहुधा मुळातच लहान असते. तिची छापील प्रत काढून पुन्हा स्कॅन केली, तर फाइल उलट वाढते आणि अक्षरं बिघडतात. जातीच्या किंवा उत्पन्नाच्या दाखल्यावर डिजिटल सही असेल, तर ती पीडीएफ आवळू नये. आवळताना फाइल नव्याने लिहिली जाते आणि ती सही तपासणीत अवैध ठरते. असा दाखला मर्यादेत बसत असेल, तर आहे तसाच जोडावा आणि अर्ज पुढे पाठवण्याआधी पूर्वदृश्यात उघडून त्यावरचा क्रमांक वाचून पाहावा.