दोन अंकी वर्षांचे चार अंकी रूपांतर : सीमावर्षाची निवड

जुन्या नोंदवह्यांतील दिनांक संगणकावर उतरविताना '१४-०६-२७' अशी नोंद आढळते. येथे २७ म्हणजे १९२७ की २०२७, याचा निर्णय कोठेतरी सीमा आखूनच करावा लागतो. एक्सेलमध्ये प्रचलित असलेल्या सीमेनुसार ०० ते २९ हे अंक २००० ते २०२९ आणि ३० ते ९९ हे १९३० ते १९९९ मानले जातात. परंतु ही सीमा यादीचा आशय पाहून ठरलेली नाही.

कल्याणच्या बिर्ला महाविद्यालयाचे उदाहरण घेऊ. त्याची स्थापना १९७२ची. तेथील अध्यापकांच्या जन्मतारखांची यादी करावयाची आहे असे समजू. साठाव्या वर्षी निवृत्ती गृहीत धरल्यास स्थापनेच्या वेळी सेवेत असलेल्या अध्यापकाचा जन्म १९१२पूर्वीचा असण्याचा संभव नाही. म्हणून १९१२पासून पुढील शंभर वर्षे, म्हणजे २०११पर्यंत, हा या स्तंभाचा काळ ठरतो. A2 मध्ये दोन अंकी वर्ष असल्यास सूत्र असे होईल :

```
=1912+MOD(A2-1912,100)
```

२७चे १९२७ होते, १२चे १९१२ आणि ११चे २०११. प्रवेशवर्षाच्या स्तंभासाठी मात्र १९१२च्या जागी १९७२ घालावे लागेल. एकाच यादीतील दोन स्तंभांना एकच सीमा लावणे ही या कामातील नेहमीची चूक होय. जन्मतारखांची ही सीमाही कायमची नाही. २०१२मध्ये जन्मलेली व्यक्ती एकविसाव्या वर्षी, म्हणजे २०३३मध्ये, अध्यापक झाली की तिचा जन्म १९१२चा ठरेल.

चूक डोळ्यांना सहसा दिसत नाही, कारण पडद्यावर २०२७ सुद्धा '२७' असेच दाखविले जाऊ शकते. रुजू होण्याच्या वर्षातून जन्मवर्ष वजा करावे. उत्तर ऋण आले किंवा वीसपेक्षा कमी आले, तर ती नोंद मूळ वहीत पाहावी. यासाठी मूळ दोन अंकी स्तंभ मजकूर म्हणून जसाच्या तसा राखणे आवश्यक आहे.

यादीचा काळ शंभर वर्षांहून अधिक असेल, तर कोणतीच सीमा उपयोगी पडत नाही. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चे आहे. अशा संस्थेच्या दाखलनोंदीत '९३' हे १८९३ही असू शकते आणि १९९३ही. तेथे दाखल क्रमांकाचा आधार घ्यावा. क्रमांक वाढत असताना वर्षाचे अंक ९९वरून ००वर आले, की शतक एकाने वाढवावे. मात्र मध्येच एखादे वर्ष चुकीचे लिहिले गेले असेल, तर पुढील सर्व नोंदी शंभर वर्षांनी सरकतात. शेवटची नोंद एकविसाव्या शतकाऐवजी बाविसाव्या शतकात गेलेली दिसली, तर असे कोठेतरी घडले आहे हे ओळखावे आणि ज्या क्रमांकापाशी अंक अकारण घसरले आहेत तो शोधावा.