सारण मात्र घरून करून आणा

गणपतीच्या आधीच्या रविवारी, सकाळी दहा ते बारा, सोसायटीच्या हॉलमध्ये नोकरी करणाऱ्या मैत्रिणींसाठी उकडीच्या मोदकांची कार्यशाळा ठेवली आहे. हातात दोनच तास आहेत आणि ते सगळे उकड आणि पारीसाठी हवेत. म्हणून सारण शनिवारी रात्री घरीच करून ठेवायचं. गरम सारण भरलं की पारी सैल पडून फाटते, आणि ते गार होईपर्यंत नुसतं बसून राहावं लागतं.

एक वाटी ओल्या नारळाचा चव आणि अर्धी वाटी चिरलेला गूळ मंद आचेवर ठेवा. आधी पाणी सुटेल, मग मिश्रण आळत येईल. ते कढईच्या कडा सोडू लागलं, पण चव अजून ओलसर दिसतोय, तेव्हाच गॅस बंद करा आणि वेलदोडा, जायफळ घाला. पाक राहिला तर तो मोदकातून गळतो, जास्त परतलं तर गार झाल्यावर सारण कडक होतं.

सारणासोबत त्याच वाटीने एक वाटी मोदकांची तांदळाची पिठी चाळून आणा. आंबेमोहोराची असेल तर फारच छान. भाकरीचं पीठ नको, ते जाडसर असल्याने कळ्या तुटतात. शिवाय परात, पाण्यासाठी वाटी, थोडं तूप, सुती रुमाल आणि परतीचा डबा. हळदीचं पान मिळालं तर जरूर आणा. शेगड्या, पातेली आणि मोदकपात्रं इथे असतील.

एक वाटी पाण्यात चिमूटभर मीठ आणि चमचाभर तूप घालून उकळी आली की पिठी घालायची, ढवळून झाकण ठेवायचं आणि दोन मिनिटं वाफ आणायची. उकड गरम असतानाच पाण्याच्या हाताने मळायची. छोटी गोळी दाबून बघा. कडेला चिरा पडल्या तर उकड अजून कोरडी आहे, पाण्याचा हात लावून पुन्हा मळा.

खरी मेहनत पारीची. मध्ये किंचित जाड, कडेला पातळ. कळ्या नुसत्या काठाला चिमटून भागत नाही, तोंड मिटताना त्या सपाट होतात. चिमटा पारीच्या निम्म्यापर्यंत खाली न्यायचा, म्हणजे वाफवल्यावरही कळी उठून दिसते. तोंड मिटत नसेल तर बहुतेक वेळा सारण जास्त झालेलं असतं.

मोदक गार पाण्यात बुडवून मोदकपात्रात ठेवायचे आणि दहा-बारा मिनिटं वाफवायचे. चकाकी आली आणि ओलं बोट चिकटलं नाही की झाले. वाटीभर पिठीचे साधारण दहा मोदक होतात. घरी नेल्यावर फ्रिजमध्ये ठेवलेत तर पारी घट्ट होईल, खाण्याआधी पाच मिनिटं पुन्हा वाफ द्या.