तारखेइतकं वय

माझ्या पुतणीचा जन्म १७ ऑगस्ट २०११ चा. ती सतरा वर्षं पूर्ण करील तो दिवसही सतरा तारखेचाच असेल. अमेरिकेत या वाढदिवसाला ‘गोल्डन बर्थडे’ म्हणतात आणि तो नेहमीपेक्षा थाटात साजरा करतात. आपल्याकडे सुवर्णमहोत्सव म्हटलं की पन्नाशी आठवते. त्याच्याशी याचा काही संबंध नाही. इथे वय आणि जन्मतारीख यांचा आकडा जुळला की झालं.

हिशेब एका बेरजेचा आहे. जन्मसालात जन्मतारीख मिळवायची. २०११ अधिक १७ म्हणजे २०२८. सचिन तेंडुलकरचा जन्म २४ एप्रिल १९७३ चा, म्हणजे त्याचा हा दिवस २४ एप्रिल १९९७ ला येऊन गेला. एक तारखेला जन्मलेल्या बाळाचा पहिलाच वाढदिवस गोल्डन असतो, तर एकतीस तारखेवाल्याला एकतिशी पूर्ण होईपर्यंत थांबावं लागतं.

चूक होते ती आपल्या बोलण्यामुळे. घरात आजी म्हणते, ‘पोरीला सतरावं लागलं.’ याचा अर्थ सोळा पूर्ण झाली आणि सतरावं वर्ष सुरू झालं. त्यावरून दिवस धराल तर वर्षभर आधीच केक कापाल. वय पूर्ण झालेलंच धरायचं. दुसरी अडचण दाखल्याची. शाळेत नाव घालताना जन्मतारीख माहीत नसली की गुरुजी १ जून लिहीत. आधीच्या पिढीतल्या कितीतरी लोकांची कागदावर तीच तारीख आहे. त्यांच्यासाठी दाखला बाजूला ठेवा आणि घरातल्या कुणाला खरी तारीख आठवते का, ते आधी विचारा.

घरात पुढचा नंबर कुणाचा, हे शोधायचं तर सगळ्यांच्या तारखा एक्सेलमध्ये मांडाव्यात. B2 मध्ये जन्मतारीख असेल, तर शेजारच्या रकान्यात हे लिहायचं:

```
=EDATE(B2,12*DAY(B2))
```

म्हणजे जन्मतारखेपासून तारखेच्या आकड्याइतकी वर्षं पुढे जा. उत्तराच्या जागी पाच आकडी संख्या दिसली तर घाबरू नका, त्या रकान्याला तारखेचं रूप द्या. खरी फसगत वेगळीच असते. माझ्या भाच्याचा जन्म ९ जानेवारी २०२० चा. मी 09/01/2020 असं टाइप केलं आणि उत्तर आलं २०२१ चं, खरं तर ते २०२९ हवं. संगणक अमेरिकी पद्धतीवर होता. त्याने आधी महिना वाचला आणि १ सप्टेंबर समजला. तारीख बारा किंवा त्याहून कमी असेल तेव्हा ही चूक गुपचूप होते, म्हणून आलेल्या उत्तरातला दिवस आणि महिना जन्मतारखेशी ताडून पाहावा.

आमच्या यादीत मावसबहिणीचा (३० मे १९९८) आणि पुतणीचा दिवस एकाच वर्षी, २०२८ ला निघाला. मे आधी येतो, म्हणून मान मावसबहिणीचा. दादाचा मात्र १२ मार्च १९९१ लाच होऊन गेलेला.

असा दिवस आयुष्यात एकदाच येतो. तो गेलेल्यांसाठी काही जण ‘डबल गोल्डन’ मानतात, म्हणजे वय तारखेच्या दुप्पट. मी तर म्हणेन, तिप्पट-चौपटही धरावी. कुठल्याही वयाच्या माणसाला मग पुढचा दिवस शोधून देता येतो. पूर्ण वयाला तारखेने भागा, पूर्णांक घ्या, त्यात एक मिळवा आणि पुन्हा तारखेने गुणा. दादा १९७९ चा. २०२६ च्या सुरुवातीला त्याची ४६ पूर्ण होती. ४६ ला १२ ने भागून ३, त्यात एक मिळवून ४, आणि बारा चोक अठ्ठेचाळीस. म्हणजे १२ मार्च २०२७. यादीत तोच पहिला आला.

एका तारखेला मात्र हे गणित दाद देत नाही, २९ फेब्रुवारीला. लीप वर्षात २९ मिळवले की येणारं साल विषम असतं, आणि विषम साल लीप नसतंच. मोरारजी देसाई २९ फेब्रुवारी १८९६ चे. त्यांची एकोणतीस वर्षं १९२५ साली पूर्ण झाली, तेव्हा कॅलेंडरात ती तारीख नव्हती. दुपटीला, १९५४ साली, ते मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते, तेव्हाही नव्हती. तिपटीला, १९८३ ला, नाहीच. चौपटीला, म्हणजे २०१२ साली, ती तारीख होती, पण त्यासाठी एकशे सोळा वर्षं जगावं लागलं असतं. मोरारजी १९९५ साली, वयाची नव्व्याण्णव वर्षं पूर्ण करून गेले. एक्सेल अशांना २८ फेब्रुवारी देतं. तुमच्या घरात असं कुणी असेल तर २८ धरायची की १ मार्च, हे त्यांनाच ठरवू द्या.