बिलांतून उमटणारी तीन गिऱ्हाइकं

कोकणाला पुठ्ठ्याची खोकी पुरवणारा एखादा छोटा व्यावसायिक घेऊ. त्याने आधी दोन वर्षांची बिलं जीएसटी क्रमांकाने जुळवावीत, कारण एकच गिऱ्हाईक अनेकदा दोन-तीन नावांनी नोंदलेलं असतं. मग प्रत्येकाच्या दोन ऑर्डरींमधलं अंतर पाहावं. माणसं वेगळी होतात ती इथेच. दरमहा एकाच मापाची पाच प्लाय खोकी नेणारा कारखानदार. फक्त हंगामात हजारोंनी आंबापेट्या उचलणारा बागायतदार. दर आठवड्याला थोडी, निरनिराळ्या मापांची तीन प्लाय खोकी मागवणारा ऑनलाइन विक्रेता. वार्षिक सरासरी काढली, तर बागायतदार दिसेनासाच होतो. कारखानदाराची ऑर्डर नेहमीच्या तारखेला आली नाही, तर लगेच फोन करावा. भाव ऐकून परतलेला माणूस मात्र या बिलांत कुठेच सापडत नाही.